बीबी-८४ मध्ये चूक-दर वाचताना या चुका टाळा

दोघांत गुप्त किल्ली तयार करण्याचा चार अवस्थांचा प्रोटोकॉल म्हणजे बीबी-८४. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी तो १९८४ च्या डिसेंबरमध्ये बंगळुरूच्या एका परिषदेत मांडला. ॲलिस एकेक फोटॉन चारपैकी एका पोलरायझेशनमध्ये पाठवते: ०° किंवा ९०° (सरळ बेसिस), ४५° किंवा १३५° (तिरपा बेसिस). बॉब दर वेळी स्वतःच्या मनाने एक बेसिस निवडून मोजतो. मोजून झाल्यावर दोघे कोणता बेसिस वापरला होता एवढंच उघड करतात आणि जिथे बेसिस जुळला तेवढेच बिट ठेवतात. ही झाली चाळणी. चाळलेल्या बिटांत शेकडा किती बिट दोघांकडे वेगळे निघाले, तो चूक-दर. प्रयोगशाळेत त्याला सरसकट ‘क्यूबर’ म्हणतात.

मधे चोरून ऐकणारी ईव्ह बसली तर काय होतं? ॲलिसने ०° पाठवला, ईव्हने तो तिरप्या बेसिसमध्ये मोजला, तिला ४५° मिळाला आणि तिने तोच पुढे पाठवला. बॉबने सरळ बेसिसमध्ये मोजला तर त्याला ०° किंवा ९०° मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी. ईव्हचा बेसिस चुकण्याची शक्यता १/२, चुकल्यावर बॉबचा बिट बिघडण्याची शक्यता १/२, म्हणून २५ टक्के. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. घोळ यानंतर सुरू होतो.

२५ टक्के दिसले की लगेच ईव्हवर आळ घेऊ नका

चाळणी करायची राहून गेली तरी चूक-दर नेमका २५ टक्केच येतो, आणि तोही ईव्ह नसताना. न चाळलेल्या बिटांपैकी निम्म्यांत बेसिस जुळत नाही आणि त्यातले निम्मे आपोआप चुकतात. सिम्युलेशन लिहिणारे इथे हमखास फसतात, कारण अपेक्षित आकडा दिसला की कोड बरोबर आहे असंच वाटतं. पडताळा सोपा आहे: ईव्ह बंद करून चालवा. चूक-दर शून्यावर यायला हवा. २५ वरच राहिला तर चाळणी होत नाहीये. ईव्ह सुरू असताना ३७.५ टक्के आले तरी दुखणं तेच.

५० टक्के आले तर पोलरायझेशनकडे बघूही नका. ॲलिसची आणि बॉबची पल्स-क्रमांकांची यादी एक-दोन घरं सरकलेली असते, त्यामुळे नात्याबाहेरचे बिट एकमेकांशी ताडले जातात. एक यादी –५ ते +५ घरं सरकवून प्रत्येक वेळी चूक-दर काढा. एका ठिकाणी तो धाडकन खाली आला की हरवलेलं घर सापडलं.

दोन्ही बेसिसची सरासरी काढू नका

ही चूक सर्वांत महाग पडते. सरासरीच्या एका आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी लपतात. दोन्ही बेसिसचा चूक-दर वेगवेगळा छापायला तीन ओळी पुरतात:

```python
for b in (0, 1):
    m = (a_basis == b) & (b_basis == b)
    print(b, m.sum(), (a_bit[m] != b_bit[m]).mean())
```

समजा किल्लीचा वेग वाढवायला ॲलिस आणि बॉब दोघांनी सरळ बेसिस ९० टक्के वेळा आणि तिरपा १० टक्के वेळा वापरायचं ठरवलं. हे चालतं, प्रत्यक्षात वापरतातही. दोघांचा सरळ बेसिस जुळण्याची शक्यता ०.८१, तिरपा जुळण्याची ०.०१. म्हणजे चाळलेल्या १०,००० बिटांपैकी साधारण ९,८७८ सरळ आणि १२२ तिरपे. आता ईव्हने प्रत्येक फोटॉन सरळ बेसिसमध्येच मोजला. सरळ बिटांत एकही चूक होणार नाही. तिरप्यांत निम्मे, म्हणजे ६१ चुकतील. एकत्र चूक-दर निघतो ०.६१ टक्के. कागदावर ही लाईन उत्तम दिसते, आणि ईव्हकडे मात्र सगळे सरळ बिट आहेत! बेसिस वेगळे काढले की ० आणि ५० असे आकडे समोर येतात. लपायला जागा राहत नाही.

पण ० आणि ५० हीच खूण एका साध्या जुळणीच्या चुकीचीही आहे. बॉबकडे बेसिस बदलायला हाफ वेव्ह प्लेट असते. पोलरायझेशन ४५° फिरवायचं तर प्लेट २२.५° फिरवायची असते, कारण प्लेट ज्या कोनात फिरते त्याच्या दुप्पट पोलरायझेशन फिरतं. घाईत प्लेट ४५° वर लावली तर बॉब ‘तिरप्या’ बेसिसमध्येही सरळच मोजत राहतो. आणि एका बेसिसमध्ये चूक-दर १०० टक्क्यांच्या आसपास आला तर त्या बेसिसचे ० आणि १ उलटे लावलेत, दुसरं काही नाही.

आणखी एक नेहमीचं चित्र: सरळ बेसिसमध्ये ०.८ टक्के, तिरप्यात ७ टक्के. मोकळ्या हवेतल्या जुळणीत ४५° वर बसवलेला आरसा बघा. आरशावर परावर्तन होताना उभ्या आणि आडव्या घटकांत δ इतका फेजचा फरक पडतो. ०° आणि ९०° ला तो जाणवत नाही. ४५° चं पोलरायझेशन मात्र लंबवर्तुळाकार होतं आणि चूक sin²(δ/2) इतकी येते. δ ३०° असेल तर ६.७ टक्के. पोलरायझर कितीही फिरवला तरी हे जात नाही, फेज भरून काढणारी प्लेट घालावी लागते. उलट बॉबची सगळी चौकटच ५° वाकडी असेल तर दोन्ही बेसिसमध्ये सारखीच, sin²५° म्हणजे ०.७६ टक्के चूक दिसते.

यांतलं कोणतं दुखणं आहे ते ठरवायला मधली लाईन काढून ॲलिस आणि बॉब समोरासमोर आणा. प्रत्येक अवस्था १०,००० वेळा पाठवा आणि बॉबच्या चारही निकालांचा ४×४ तक्ता भरा. बेसिस जुळतो तिथे जवळपास सगळे क्लिक एकाच घरात पडायला हवेत आणि न जुळणाऱ्या घरांत निम्मे-निम्मे. न जुळणाऱ्यांत ६०-४० दिसलं तर कोन चुकलाय किंवा दोन डिटेक्टरांची कार्यक्षमता सारखी नाही.

अंतर वाढल्यावर वाढलेली चूक कुठून येते

फायबरमध्ये फोटॉन हरवणं म्हणजे चूक नव्हे. हरवलेल्या फोटॉनचा क्लिकच होत नाही, त्यामुळे तो चाळणीत येत नाही. तरीही अंतर वाढलं की चूक-दर चढतो. कारण डिटेक्टर प्रकाश नसतानाही अधूनमधून क्लिक करतो, आणि हा डार्क काउंट निम्म्या वेळा चुकीचाच असतो.

एक हिशेब करू. सरासरी ०.५ फोटॉनची पल्स, १५५० नॅनोमीटरला दर किलोमीटरला ०.२ डेसिबल घट, बॉबच्या उपकरणात ३ डेसिबल, डिटेक्टरची कार्यक्षमता १० टक्के, दोन डिटेक्टर, प्रत्येकाचा डार्क काउंट एका गेटमागे, म्हणजे डिटेक्टर चालू ठेवतात त्या छोट्या वेळामागे, एक लाखात एक, आणि जुळणीची चूक १ टक्का. ५० किलोमीटरवर दर पल्समागे खऱ्या क्लिकची शक्यता ०.००२५, चूक-दर सुमारे १.४ टक्के. १०० किलोमीटरवर खरे क्लिक दहापट घटून ०.०००२५ होतात, डार्क काउंट तेवढेच राहतात आणि चूक-दर ४.६ वर जातो. १२५ किलोमीटरवर तो १०.९ टक्के होतो. एकही ईव्ह नसताना किल्ली बंद पडते.

बंद का पडते? चुका दुरुस्त करताना आणि ईव्हकडची माहिती निरुपयोगी करताना प्रत्येक बिटामागे आदर्श परिस्थितीत 1 − 2h(Q) एवढीच किल्ली उरते; Q म्हणजे चूक-दर आणि h म्हणजे बायनरी एन्ट्रॉपी. २ टक्क्यांना सुमारे ०.७२, ५ टक्क्यांना ०.४३, ८ टक्क्यांना ०.२० आणि ११ टक्क्यांना शून्य. म्हणून धोक्याची रेषा २५ वर नाही, ११ वर आहे. ईव्हने दर शंभरातले ४० फोटॉनच पकडले तर चूक-दर फक्त १० टक्के वाढतो. ‘२५ पेक्षा कमी आहे, चालेल’ असं म्हणणाऱ्याची किल्ली तिने केव्हाच वाटून घेतलेली असते.

डार्क काउंट किती ते मोजायला लेसरसमोर शटर टाका आणि क्लिक मोजा. गेट अरुंद केल्यावर चूक-दर उतरला तर तोच दोषी. पण एक मोह टाळा: ‘यातले ४ टक्के आमच्या डिटेक्टरचे, बाकीचे ईव्हचे’ अशी वजाबाकी करू नका. ईव्हने तुमची लाईन काढून कमी घट असलेली लाईन टाकली असेल आणि वाचलेल्या चुकीत स्वतःची चूक भरली असेल. उपकरणाचा दोष शोधायचा तो दुरुस्त करण्यासाठी. किल्लीच्या हिशेबात सगळी चूक ईव्हच्याच नावावर टाकायची.

नमुना लहान घेऊ नका

७२ बिट तपासले तर पूर्णवेळ ऐकणारी ईव्ह सुटून जाण्याची शक्यता (३/४)⁷², म्हणजे अब्जात एक. म्हणून ७२ पुरे, असं वाटतं. पण पूर्णवेळ ऐकण्याइतकी ईव्ह भोळी नसते. चूक-दर खरोखर ११ टक्के असताना १०० बिटांचा नमुना घेतला तर आकडा तीन टक्क्यांनी इकडेतिकडे सहज हलतो, आणि ८ दिसला की तुम्ही किल्ली बनवायला घेता. १०,००० बिटांत तोच हेलकावा ०.३ टक्क्यावर येतो. नमुना मोजणी संपल्यावर आणि पूर्ण यादीतून यादृच्छिकपणे निवडा. जाहीर केलेले बिट किल्लीतून काढून टाका. हे विसरणारे कोड बरेच आहेत.

चूक-दर कमी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका

काही हल्ले चूक करतच नाहीत. ०.५ फोटॉनच्या पल्समध्ये दोन किंवा जास्त फोटॉन असण्याची शक्यता ९ टक्के असते. ईव्ह अशा पल्समधला एक फोटॉन ठेवून घेते, बेसिस जाहीर होईपर्यंत थांबते आणि मग बरोबर मोजते. एकच फोटॉन असलेल्या सगळ्या पल्स ती अडवते आणि दुसरा फोटॉन बॉबला घट नसलेल्या मार्गाने पोचवते. वरच्या ५० किलोमीटरच्या उदाहरणात बॉबला ०.००२५ क्लिक अपेक्षित आहेत, आणि या वाटेने त्याला ०.००४५ पर्यंत मिळू शकतात. म्हणजे घट भरून काढायला ईव्हकडे पुरून उरतं आणि क्यूबर हलतही नाही. उपाय म्हणजे डिकॉय पल्स: मधूनमधून वेगळ्या तीव्रतेच्या पल्स पाठवायच्या आणि प्रत्येक तीव्रतेचे क्लिक स्वतंत्र मोजायचे. ईव्हला पल्स कोणत्या तीव्रतेची ते कळत नाही, त्यामुळे प्रमाण बिघडतं आणि ती पकडली जाते.

बेसिस जाहीर करायची वाहिनी प्रमाणित नसेल तर याचीही गरज पडत नाही. ईव्ह ॲलिसशी बॉब बनून बोलते, बॉबशी ॲलिस बनून, आणि दोन वेगळ्या स्वच्छ किल्ल्या तयार होतात.

आणि उपकरण स्वतःच बोलत असेल तर चूक-दराला त्याचा पत्ताही लागत नाही. १९८९ मधल्या पहिल्या प्रयोगात फोटॉन ३२ सेंटिमीटर हवेतून जात होते. पोलरायझेशन फिरवणाऱ्या पॉकेल्स सेलना वीज देणारे पुरवठे प्रत्येक अवस्थेला वेगळा आवाज करायचे. ही व्यवस्था बहिऱ्या ईव्हपासून पूर्ण सुरक्षित होती, असं ब्रासार यांनीच पुढे गमतीनं लिहिलं.