दसरा काढताना बोर्ड पुसायचाय? मग आधीची तयारी अशी करा

घटस्थापनेच्या आधी दसरा काढायला घेतला की गोधड्या धुऊन होतात, डबे घासून होतात आणि मग नजर जाते ती बोर्डाकडे. बटनांभोवती बोटांचे काळे डाग, ट्यूबलाइटच्या खाली भिंतीवर पालीच्या लेंड्या. ओलं फडकं हातात असतंच, म्हणून ते सरळ बोर्डावरही फिरवलं जातं. पण बोर्डाचं काम भांड्यांच्या रांगेत घेऊ नका. त्याला एक वेगळी सकाळ द्या, भरपूर उजेडाची. मेन बंद केल्यावर घरात दिवा नसणार आहे. शिवाय पावसाळा नुकताच सरलेला असतो, माळवदाच्या घरांतल्या मातीच्या भिंती अजून ओल धरून असतात, आणि ओल्या भिंतीला टेकून उभं राहिलेल्या माणसाला झटका जास्त जोरात बसतो. भिंतीला हात लावल्यावर गार ओलसर लागत असेल तर आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्या. तेवढ्यानं काही बिघडत नाही.

सगळ्यात आधी मनातून काढून टाकायची गोष्ट म्हणजे ‘लाइट गेलीय, पटकन पुसून घेऊ’. गेलेली लाइट कधी येईल ते आपल्या हातात नसतं. आणि आता बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आहे, तो तर लाइट गेल्या क्षणी आपणहून सुरू होतो. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी तिच्यातून निघून बोर्डापर्यंत येतात ते 230 व्होल्टच. झटका देताना तो करंट बाहेरचा की घरातला हे बघत नाही.

समजा पुढच्या खोलीत सहा बटनांचा बोर्ड आहे, त्यात एक प्लग आहे, वर ट्यूब आहे आणि जिन्याखाली इन्व्हर्टर आहे. आदल्या रात्रीच मोबाइल चार्ज करून ठेवा. सकाळी टीव्ही, फ्रिज, राउटर यांच्या पिना बटन बंद करून काढून ठेवा. पंखा मात्र चालू राहू द्या, त्याचा आता उपयोग आहे. टेस्टर घ्या आणि आधी चालू प्लगवर लावून बघा. तीन भोकांच्या प्लगमध्ये वरचं मोठं भोक अर्थिंगचं. आपण समोर उभे असताना उजवीकडचं फेजचं असतं, म्हणजे असायला हवं. टेस्टरची मूठ धरून मागच्या टोपीवर बोट ठेवलं आणि उजवीकडे दिवा लागला, की टेस्टर चालतोय. दोन्ही भोकांत लागला तर न्यूट्रल तुटलेला असण्याची शक्यता आहे. मग पुसणं राहू द्या, वायरमनला बोलवा.

आता मेन पाडा. थ्री फेज असेल तर तिन्ही फेज बंद झालेत ना ते बघा. पंख्याकडे लक्ष ठेवा. तो फिरतच राहिला तर समजा, इन्व्हर्टरनं भार घेतला. आता इन्व्हर्टरचं पुढचं बटन बंद करा, मग पंखा थांबेल. नुसतं इन्व्हर्टरचं बटन बंद करून भागत नाही, कारण मेन चालू असताना तो बाहेरची लाइट तशीच पुढे सोडतो. दोन्ही बंद पाहिजेत. पंखा थांबल्यावर पुन्हा टेस्टर लावा, आणि इथं थोडा संशयी स्वभाव बरा. लाकडी स्टुलावर उभं राहिलं किंवा खिडकीतून ऊन आलं तर टेस्टरचा दिवा मंद दिसतो, कधी दिसतच नाही. म्हणून जमिनीवर उभं राहून, हाताच्या आडोशानं बघा, आणि त्याच प्लगमध्ये टेबल फॅन लावून तो फिरत नाही याची खात्री करा. गच्चीवर सोलर असेल किंवा एखादा बोर्ड बोअरच्या मीटरवरून घेतलेला असेल, तर हे सगळं त्या लाइनसाठीही करावं लागेल.

मेनवर चिकटपट्टी लावून ‘काम चालू’ असा कागद डकवा. तेवढ्यानं भागेल असं समजू नका. बाहेरून आलेला मुलगा घामेजून आधी पंख्याचं बटन दाबतो आणि मग मेनकडे धावतो. घरातल्या मोठ्या माणसाला तिथंच खुर्ची टाकून बसवा आणि सांगा, “मी हाक मारल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.”

सामान थोडंच लागतं. रंगाचा जुना पण कोरडा ब्रश, तीन सुती फडकी, भांडी घासायच्या साबणाचं थोडं पाणी, जुनी वर्तमानपत्रं, हातमोजे, मास्क, कोरडी चप्पल. चढायला लाकडी किंवा प्लॅस्टिकचं स्टूल. लोखंडी शिडी किंवा खाट नको. अंगठी आणि धातूच्या बांगड्या काढून ठेवा.

सुरुवात वरून करा, म्हणजे लेंड्यांपासून. लेंडीच्या टोकाचा पांढरा भाग युरिक ॲसिडचा असतो. तो पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून वाळला की भिंतीला घट्ट बसतो. कोरडी खरवडू नका, भुगा उडतो आणि त्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. खाली मांडणीवर ताटं असतील तर ती आधी हलवा. लेंड्या बोर्डाच्या वर असतील तर पाणी ओघळून बटनांच्या फटीत जाईल, तेव्हा बोर्डावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटवा, वरची कड नीट बंद करा. मग कागदाचा ओलसर तुकडा लेंडीवर पाच-दहा मिनिटं दाबून ठेवा आणि घडी घातलेल्या कागदानं उचलून घ्या. ऑइल पेंटच्या भिंतीवर साबणाच्या फडक्यानं पुसता येतं. डिस्टेंपरवर नुसतं टिपा, घासलं तर रंग निघून पांढरट चट्टा उरतो. चुन्याच्या भिंतीवर डाग पसरतोच, तिथं पुढं चुन्याचा हात मारणं हाच उपाय. मोरपीस लावून पाली जातात यावर माझा काही भरवसा नाही. ट्यूबपाशी किडे येतात तोवर त्याही येणार.

लेंड्यांचं फडकं बाजूला टाका, मोजे बदला, मग पिशवी काढून बोर्डाकडे वळा. आधी कोरड्या ब्रशनं धूळ आणि जाळी झाडा. दुसरं फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून इतकं पिळा की दाबल्यावर थेंब निघू नये. बोर्डावर कधीही स्प्रे मारू नका. बटनांचा दर्शनी भाग पुसा आणि लगेच कोरड्या फडक्यानं टिपा. प्लगच्या भोकांत काडी, पिन, ओला कापूस काहीही घालू नका. जुनी बटनं पिवळी पडलेली असतात, तो मळ नव्हे, प्लॅस्टिकच म्हातारं झालेलं असतं.

भोकाभोवती तपकिरी किंवा काळा करपलेला डाग दिसला तर तो पुसायच्या भानगडीत पडू नका. आतला जोड सैल होऊन तापतोय, असं तो सांगतो. बटन दाबल्यावर तडतड आवाज येत असेल किंवा जळका वास येत असेल तर तेही वायरमनचंच काम. बोर्डाच्या फटीतून पालीची अंडी दिसली, आणि ती बऱ्याचदा असतात, तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्लेट उघडू नका. पाल आत वावरत असेल तर ती दोन टोकांमध्ये अडकून शॉर्टसर्किट करू शकते. वायरमन आला की त्याच्याकडूनच अंडी काढून घ्या आणि मागची फट बुजवून घ्या.

पुसून झाल्यावर तासभर काहीच लावू नका. मग मेन, त्यानंतर एकेक एमसीबी, शेवटी इन्व्हर्टर. एखादी एमसीबी पडली तर पुन्हा पुन्हा वर करू नका, त्या खोलीची लाइन तशीच बंद ठेवा. पुसताना बोर्डात पाणी गेल्याची शंका असेल तरीही तेच करा, आणि वायरमननं उघडून बघितल्याशिवाय चालू करू नका.