स्क्वॉशवाल्यांनो, रॅकेटबॉलची सर्व्हिस मारताना ३ फुटांची रेष बघा

नाशिकमधून एमएसला किंवा कंपनीच्या प्रोजेक्टवर अमेरिकेला जाणाऱ्यांपैकी ज्यांनी इथे स्क्वॉश खेळलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. तिकडे युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये रॅकेटबॉलचं कोर्ट बऱ्याचदा असतं आणि कुणीतरी हमखास म्हणतं की स्क्वॉश येतं ना, मग झालं, उतर कोर्टवर. हा सल्ला देणाऱ्यांवर माझा अजूनही राग आहे. रॅली जमते, खरंच जमते, पण सर्व्हिसला माणूस पार गडबडतो आणि फॉल्ट कशाचा दिला हे सांगायलाही कुणी थांबत नाही.

कोर्टातला फरक आधी पटकन बघू. स्क्वॉशचं कोर्ट ३२ फूट लांब, २१ फूट रुंद. रॅकेटबॉलचं ४० फूट लांब, २० फूट रुंद आणि २० फूट उंच. खालचा पत्रा नाही, भिंतीवर आउटची रेष नाही आणि रॅलीत छतही चालतं. रॅकेट आखूड, जास्तीत जास्त २२ इंच, मनगटाला दोरी बांधायचीच आणि डोळ्यांना गॉगल लावायचाच, यात चालढकल करू नका. बॉल सव्वादोन इंचांचा, पोकळ आणि प्रचंड उसळणारा. आपला दोन पिवळ्या ठिपक्यांचा बॉल ४० मिलिमीटरचा, तापवल्याशिवाय उठत नाही, हा डब्यातून काढला की लगेच उडतो. सर्व्हिसची निम्मी भानगड इथूनच सुरू होते.

स्क्वॉशमध्ये आपण बाजूच्या चौकोनात एक पाय ठेवून बॉल हवेत सोडतो आणि तसाच मारतो. इथे कोर्टच्या मध्याच्या जरा पुढे ५ फुटांचा आडवा पट्टा असतो, समोरच्या भिंतीपासून १५ ते २० फुटांच्या मध्ये, त्यात उभं राहायचं, बॉल त्याच पट्ट्यात एकदा जमिनीवर टप्पा पाडायचा आणि मग मारायचा. हवेतूनच मारलेली सर्व्हिस चालत नाही. बॉल आधी समोरच्या भिंतीला लागला पाहिजे आणि परत येताना २० फुटांवरच्या शॉर्ट लाइनच्या पलीकडे पडला पाहिजे, वाटेत फार तर एक बाजूची भिंत. छताला लागला तर फॉल्ट, टप्पा न पडता थेट मागच्या भिंतीला लागला तरी फॉल्ट. स्क्वॉशमध्ये सर्व्हिस थेट मागच्या भिंतीला गेली तर काही बिघडत नाही, त्यामुळे आपला हात लॉब मारताना बिनधास्त सुटतो आणि हा उडणारा बॉल सरळ मागे जाऊन आदळतो.

इथपर्यंतचं कुणीही सांगतं. अडकायला होतं ते रेषांवर, कारण प्रत्येक रेषेचा कायदा वेगळा आहे, तेव्हा हे जरा सावकाश वाचा. सर्व्हिस पट्ट्याच्या पुढच्या रेषेवर मारता मारता पाय पडला तर चालतो, फक्त अख्खा पाय रेषेच्या पुढे जायला नको. शॉर्ट लाइनवर बॉल पडला तर मात्र तो शॉर्ट, म्हणजे फॉल्ट, रेषेला स्पर्शसुद्धा नको. आणि तिसरी, दोन्ही बाजूच्या भिंतींपासून ३ फुटांवर पट्ट्यात आखलेली ड्राइव्ह सर्व्हिसची रेष. ही पायासाठीही बंद आहे. तिच्यावर पाय असला, बॉलचा टप्पा तिच्यावर पडला किंवा मारताना रॅकेट तिच्या वर हवेत ओलांडून गेलं, तरी फॉल्ट.

पण हे कधी? तुम्ही त्याच बाजूला जोरात सरळ ड्राइव्ह मारताय तेव्हाच, म्हणजे बॉल तुमचं शरीर आणि जवळची भिंत यांच्यामधून मागे जाणार असेल तेव्हा. समोरच्याला बॉल दिसायला हवा म्हणून हा नियम आहे, भिंतीला चिकटून मारलं की तुम्हीच त्याच्या आड येता. लॉब, झेड म्हणजे समोरच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीला लागून तिरकी जाणारी, किंवा क्रॉसकोर्ट मारायची असेल तर ही रेष लागूच होत नाही, तिथे उगाच घाबरू नका.

हिशोब करून बघा. तुम्ही उजव्या हाताचे आहात. कोर्टचा मध्य भिंतीपासून १० फूट, म्हणजे उजवी रेष मध्यापासून ७ फुटांवर. उजव्या कोपऱ्यात ड्राइव्ह मारताना हात आणि रॅकेट धरून साधारण ४ फूट बाहेर जातं समजा. मध्यापासून २ फूट उजवीकडे उभे असाल तर रॅकेटचं टोक ६ फुटांवर, ठीक. ४ फुटांवर उभे असाल तर ८, गेला फॉल्ट, आणि पाय तर रेषेपासून लांबच असतात म्हणून तुम्हाला कळतच नाही काय झालं. डावीकडची गंमत उलटी. तुमचं तोंड उजव्या भिंतीकडे, पाठ डाव्या भिंतीकडे, रॅकेटचा प्रश्न नाही पण टाचा डावीकडे. बॅकहँड कोपऱ्यात मारायच्या नादात माणूस डावीकडे सरकतो आणि टाच रेषेवर टेकते, ती स्वतःला दिसत नाही, समोरच्याला स्पष्ट दिसते. उपाय साधा, मध्यापासूनच सुरुवात करा. मात्र बॉल अंगाला अगदी घासून मागे गेला तर समोरच्याला तो दिसत नाही आणि स्क्रीनचा फॉल्ट मिळतो, त्यामुळे भिंतीवर लागायची जागा डावीकडे थोडी रुंद धरा.

जायच्या आधी इथेच सराव होतो. आपल्या स्क्वॉश कोर्टवर परवानगी काढून मास्किंग टेप लावा, समोरच्या भिंतीपासून १५, २० आणि २५ फुटांवर, आणि बाजूच्या भिंतीपासून ३ फुटांवर. स्क्वॉशची स्वतःची शॉर्ट लाइन साधारण १८ फुटांवर येते, म्हणजे नेमकी तुमच्या पट्ट्याच्या मध्ये, तिच्याकडे बघायचंच नाही. ड्राइव्हचा पहिला टप्पा २० आणि २५ च्या टेपमध्ये पडला की समजा जमतंय. २० च्या टेपच्या मागे इथे १२ फूटच उरतात, तिकडे २० असतात, त्यामुळे दुसरा टप्पा कुठे पडला असता हे या कोर्टवर कळणार नाही. गंगापूर रोडच्या बाजूला राहणारे आमचे एक काका मागे उभे राहून फक्त माझ्या टाचा बघायचे, "अरे, टेप दाबतोयस!" एवढंच ओरडायचे. असा माणूस शोधा. मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ बघून शिकण्यावर माझा विश्वास नाही, कॅमेरा बहुतेक वेळा समोरून असतो आणि टाच त्यात येतच नाही.

आता धीर देणारी गोष्ट. स्क्वॉशमध्ये सर्व्हिस एकच, चुकली की समोरच्याला पॉइंट. रॅकेटबॉलच्या जुन्या पद्धतीत दोन सर्व्हिस मिळतात आणि पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो, १५-१५ चे दोन गेम, बरोबरी झाली तर ११ चा तिसरा. दोन्ही फॉल्ट झाले तर सर्व्हिस जाते, पॉइंट जात नाही. म्हणून पहिली ड्राइव्ह मोकळेपणाने मारा आणि दुसरी मऊ लॉब, समोरचा २५ फुटांवरच्या तुटक रेषेच्या मागेच थांबलेला असतो, टप्पा पडेपर्यंत किंवा बॉल ती रेष ओलांडेपर्यंत त्याला पुढे येता येत नाही. काही स्पर्धांत स्क्वॉशसारखा प्रत्येक रॅलीला पॉइंट देतात किंवा एकच सर्व्हिस ठेवतात, तिथे ही चैन नाही, तेव्हा कोर्टवर उतरायच्या आधी स्कोअरिंग कुठलं आणि सर्व्हिस किती ते विचारून घ्या.