दिव्याच्या खांबाचं गणित: सावलीच्या टोकाचा वेग काढताना या चुका टाळा

गणित असं: खांबावरचा दिवा 6 मीटर उंचीवर, माणूस 1.5 मीटर उंच. तो खांबापासून 1.2 मी/से वेगाने दूर चाललाय. खांबापासून 4 मीटरवर असताना सावलीचं टोक किती वेगाने सरकतं?

निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर 0.4 मी/से सापडतं. माझ्या एका विद्यार्थ्याने तर त्यावरून माझ्याशी वाद घातला. आकडेमोड बिनचूक होती, त्यामुळे ऐकेचना. शेवटी म्हटलं, "माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतोय आणि सावलीचं टोक 0.4. म्हणजे थोड्या वेळाने तो स्वतःच्या सावलीच्या पुढे निघून जाईल की रे!" मग गप्प झाला. त्याने काढला होता तो सावलीची लांबी वाढण्याचा वेग. टोकाचं अंतर मोजायचं खांबापासून, माणसाच्या पायापासून नव्हे.

म्हणून मी आकृतीत आधी तीन अक्षरं लिहायला लावतो: खांब ते माणूस x, सावली s, खांब ते टोक y = x + s. घाईची मंडळी y लिहीतच नाहीत आणि तिथेच फसतात. आता समरूप त्रिकोण:

6/(x + s) = 1.5/s

यातून s = x/3, म्हणून y = 4x/3. दोन्ही बाजू t च्या सापेक्ष डिफरन्शिएट केल्या की dy/dt = (4/3)(1.2) = 1.6 मी/से.

दुसरी लाडकी चूक म्हणजे 6/x = 1.5/s. मोठ्या त्रिकोणाचा पाया टोकापर्यंत जातो, माणसापाशी संपत नाही. या चुकीने s = x/4 येतं आणि टोकाचा वेग 1.5 मी/से. हे उत्तर 1.2 पेक्षा जास्त असल्यामुळे संशयही येत नाही. पकडायचं कसं? मनातल्या मनात माणसाला दिव्याइतका उंच करा. डोक्यावरून जाणारा किरण आडवा होतो, जमिनीला टेकतच नाही, सावलीला टोकच उरत नाही. चुकीचं समीकरण मात्र निवांत s = x सांगतं. बरोबर समीकरणात 6/(x + s) = 6/s येतं, आणि x शून्य नसताना ते शक्यच नाही.

x = 4 आधीच घालून डिफरन्शिएट केलंत तर सगळं शून्य होईल; किंमत नेहमी शेवटी घाला. इथे तर ती लागतच नाही, कारण dy/dt मध्ये x उरत नाही. तरी काही जण "दिलंय म्हणजे वापरलंच पाहिजे" म्हणून 4 कुठेतरी कोंबतात.

माणूस खांबाकडे येत असेल तर dx/dt ऋण घ्या.

आणि दिव्याची उंची H, माणसाची उंची h, चालण्याचा वेग v घेऊन केलेला तो dy/dt = Hv/(H − h) चा शॉर्टकट: बरोबर आहे, पण पाठ करणारे सावलीच्या लांबीचा वेग विचारला तरी तोच ठोकून देतात. तिथे उत्तर खरोखरच 0.4 असतं.