बक्षीस समारंभाचं स्वागत भाषण: लिहिलेलं वाक्य तोंडात बसवायचं कसं?

क्लबच्या सेक्रेटरीचं स्वागत भाषण दोन मिनिटांचं, म्हणजे फार तर 200-250 शब्द. आधी मनात येईल तसं लिहून काढा, खरं काम त्यानंतर सुरू होतं.

पहिलं म्हणजे कागद हातात घेऊन उभं राहून मोठ्याने वाचा आणि जिथे दम लागतो तिथे पेन्सिलने रेघ मारा. बहुतेक वेळा ती रेघ पाहुण्यांच्या वाक्यातच पडते, कारण ते असं लिहिलेलं असतं: "ज्यांनी राज्य पातळीवर बॅडमिंटन खेळून नाव कमावलं आणि आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढून जे आज इथे उपस्थित राहिले असे आजचे प्रमुख पाहुणे यांचं मी क्लबच्या वतीने हार्दिक स्वागत करतो."

यात व्याकरणाची चूक शेवटी आहे, "असे पाहुणे यांचं" नाही, "अशा पाहुण्यांचं" हवं. पण एवढं सुधारूनही वाक्य बोलता येत नाही, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि "स्वागत करतो" येईपर्यंत हे सगळं कशासाठी चाललंय तेच ऐकणाऱ्याला कळत नाही. मग ते तोडायचं:

"आजचे आपले प्रमुख पाहुणे राज्य पातळीवर बॅडमिंटन खेळलेत. आज ते आपल्या खेळाडूंना बक्षिसं द्यायला आलेत. सर, क्लबच्या वतीने तुमचं मनापासून स्वागत!"

नाव घ्यायचं असेल तर "सर"च्या आधी घ्या आणि स्वागत म्हटल्यावर थांबा. टाळ्या तिथेच पडतात, थांबला नाहीत तर पुढचं वाक्य टाळ्यांत बुडतं. नावाचा उच्चार मात्र पाहुण्यांनाच आधी विचारून ठेवा.

दुसरी गडबड "आपण"ची, आणि ही जवळजवळ प्रत्येक भाषणात असते. "आपण यंदा तीन स्पर्धा भरवल्या" आणि लगेच "आपण वेळ काढून आलात", यात पहिलं आपण म्हणजे क्लब आणि दुसरं पाहुणे, समोरच्याने काय समजायचं? क्लबसाठी "आम्ही" किंवा सरळ "क्लबने" म्हणा आणि पाहुण्यांसाठी "तुम्ही" किंवा "आपण" यातलं एकच काहीतरी शेवटपर्यंत ठेवा.

मग "ने-नी"ची वाक्यं तपासा. "आपल्या मुलींनी सलग दुसऱ्या वर्षी फायनल जिंकल्या" असं पटकन तोंडातून जातं, कारण डोक्यात मुली असतात. फायनल एकच होती ना, मग "जिंकली".

"सर्वप्रथम सगळ्यात आधी", "हार्दिक हार्दिक" वगैरे दिसलं की काढून टाका. आभारही काढा, ते शेवटी दुसरं कोणीतरी मानणारच असतं.

खेळाडूंचं स्वागत मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवा, हॉलमध्ये सगळ्यात जास्त आवाज त्यांच्यासाठीच होतो आणि त्याच आवाजात माइक सूत्रसंचालकाकडे देता येतो.