एमटेक फुकटात पडतं म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघा

बीई मेकॅनिकल झालेला आमच्या ओळखीतला एक पोरगा, त्याच्या हातात चाकणच्या एका कंपनीचं ऑफर लेटर होतं आणि गेटच्या स्कोअरवर एमटेकची सीटही मिळत होती. घरी वडिलांनी मांडलेला हिशोब असा: दोन वर्षांची फी दीड लाख, होस्टेल-मेस महिना 6,000 म्हणजे 1,44,000, एकूण 2,94,000. गेटवाल्यांना एआयसीटीईचा स्टायपेंड महिना 12,400, चोवीस महिन्यांचे 2,97,600. म्हणजे वर साडेतीन हजार उरतातच की! काका एकदम खूश, पोरगं फुकटात शिकतंय.

आता यात बेरीज वजाबाकी कुठंच चुकलेली नाही पण सगळ्यात मोठी रक्कमच मांडलेली नाही, ती म्हणजे एमटेकला गेल्यामुळे जो पगार मिळणार नाही तो. खिशातून जात नाही ना, म्हणून दिसत नाही. स्वतःच्या गाळ्यात दुकान टाकून "भाडं वाचलं" म्हणणारा माणूस जसा तो गाळा भाड्याने दिला असता तर काय आलं असतं हे मोजतच नाही, तसंच हे. यालाच ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणतात. आणि हो, सोडलेल्या सगळ्या पर्यायांची बेरीज करायची नसते, त्यातला जो सगळ्यात चांगला होता तेवढाच मोजायचा.

मग आम्ही परत बसलो. कंपनीचा पगार हातात 24,000, दोन वर्षांचे 5,76,000. पीएफ लोक विसरतात, त्याचे 1,800 आणि कंपनीचे 1,800 (त्यातला काही भाग पेन्शनला जातो पण असतो आपलाच), दोन वर्षांत 86,400. म्हणजे सोडायचे 6,62,400, त्यात फी दीड लाख, झाले 8,12,400. यातून स्टायपेंडचे 2,97,600 वजा.

राहण्या-खाण्याचं काय? इथे बरेच जण उलटी चूक करतात, होस्टेलचा सगळा खर्च एमटेकच्या नावावर टाकतात. अरे पण चाकणला राहिला असता तरी जेवलाच असता ना? तिकडे रूम आणि मेस मिळून 10,000 लागणार होते, इकडे 6,000, म्हणजे एमटेकला गेल्याने उलट महिना 4,000 वाचतात, दोन वर्षांचे 96,000. तेही वजा केले की उरतात 4,18,800. ही त्या "फुकट" एमटेकची खरी किंमत. गेटच्या क्लासला आधीच भरलेले पैसे यात धरायचे नाहीत, नोकरी धरली तरी ते काही परत येणार नव्हते.

पुढचा घोळ पगाराच्या तुलनेत होतो. समजा एमटेकनंतर हातात 35,000 मिळतील, तर पोरं ते आजच्या 24,000 शी ताडून बघतात आणि म्हणतात अकरा हजारांचा फरक आहे, तीन-सव्वातीन वर्षांत वसूल. पण नोकरीवाला तोपर्यंत तिथेच थांबलेला नसतो, दोन इन्क्रिमेंट धरून तो 28,000 वर आला असेल तर फरक राहिला सात हजारांचा, आणि मग वसुलीला लागतात पाच वर्षं. पुढे दोघांचे पगार सारखेच वाढतील असं काही नाही, त्यामुळे हे आपलं ढोबळच. आणि ते 35,000 तरी खरे का? कॉलेजच्या पोस्टरवरचं हायेस्ट पॅकेज सोडा, त्याच ब्रांचच्या मागच्या बॅचच्या चार-पाच जणांना फोन लावून विचारा आता कुठे आहेत, किती मिळतंय.

नोकरी खरंच हातात आहे का हेही बघा. ऑफर लेटर आहे पण कंपनी जॉइनिंग डेटच देत नाहीये, असं असेल तर सोडायचा पगार 24,000 धरून चालणार नाही. जितके महिने घरी बसायची शक्यता तितका तो कमी धरा, अशा वेळी एमटेक बरंच स्वस्त पडतं. गेटचा स्कोअर रिझल्टपासून तीन वर्षं चालतो, त्यामुळे आधी नोकरी करून मग जाऊ हाही रस्ता आहे, फक्त तेव्हा पगार वाढलेला असतो त्यामुळे सोडायची रक्कमही वाढते, आणि तोवर बाइकचा ईएमआय सुरू झालेला असला तर बोलायलाच नको.

आमच्या पोराने शेवटी एमटेकच घेतलं. चाकणची नोकरी प्रॉडक्शनची होती, तीन शिफ्टवाली, आणि त्याला डिझाइनमध्येच जायचं होतं, त्यासाठी सव्वाचार लाख मोजायला तो तयार होता. काकांना आकडा ऐकून जरा घाम फुटला पण मग म्हणाले, ठीक आहे, निदान किती घालतोय ते कळलं तरी.