वाढदिवसाचा माणशी खर्च काढताना या चुका टाळा

मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला वीस मुले बोलावली, म्हणजे वीस पाहुणे, असे धरून अनेक घरांत अंदाजपत्रक मांडले जाते आणि तिथेच पहिली चूक होते. या वयाची मुले एकटी येत नाहीत. इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात पार्टी असेल, तर बरोबर आई किंवा आजी येते आणि तिचे बोट धरून धाकटे भावंडही. म्हणून यादीत निमंत्रित मुले, भावंडे आणि मोठी माणसे असे तीन रकाने करावेत.

समजा, वीस मुले, चार भावंडे आणि सोळा मोठी माणसे मिळून चाळीसजण आहेत. हॉलचे सहा हजार आणि सजावटीचे चार हजार ही रक्कम कितीही माणसे आली तरी बदलत नाही. खोपरा पॅटिस, सँडविच, वेफर्स आणि सरबत अशी नाश्त्याची प्लेट 120 रुपयांना पडली, तर 4,800 रुपये होतात. माणशी 80 ग्रॅम धरून साडेतीन किलोचा केक 800 रुपये किलोने 2,800 रुपयांचा येतो. रिटर्न गिफ्ट फक्त मुलांना द्यायचे असते. चोवीस आणि वर दोन जादा, शंभर रुपयांप्रमाणे 2,600. एकूण 20,200, म्हणजे माणशी 505 रुपये.

दुसरी चूक या 505 रुपयांवर विसंबण्याची आहे. दहा मोठी माणसे कमी झाली तर पाच हजार वाचतील असे वाटते. प्रत्यक्षात मोठ्या माणसामागे प्लेट आणि केक मिळून 190 रुपयेच कमी होतात, म्हणजे जास्तीत जास्त 1,900, आणि तेही आगाऊ कळले तरच. केटररने किमान पस्तीस प्लेटची अट घातली असेल, तर प्लेटमध्ये फक्त 600 रुपये सुटतात. त्यामुळे ही अट, तसेच वीज, सफाई आणि कर हॉलच्या भाड्यात धरले आहेत का, हे बयाणा देण्यापूर्वी लेखी घ्यावे.

केकच्या वजनातही फसगत होते. थीम केकवरच्या फाँडंटच्या बाहुल्या वजनात मोजल्या जातात, पण मुले त्या बाजूला काढून ठेवतात, आणि उंच दिसणाऱ्या केकचा खालचा थर कधीकधी थर्माकोलचा असतो. खाण्याजोगा केक किती किलो भरेल, हे बेकरीत स्पष्ट विचारावे.

बेरीज हाताबाहेर गेलीच, तर प्लेटमधले सँडविच काढण्याआधी सजावटीकडे पाहावे. छायाचित्रे केकच्या टेबलामागच्या एकाच भिंतीसमोर निघतात. तेवढीच सजवली तर चारऐवजी दीड-दोन हजारांत भागते. रिटर्न गिफ्टमध्ये मात्र भावंडांना वगळू नये. न उघडलेले नग परत घेणार का, हे दुकानदाराला खरेदीच्या वेळीच विचारले, तर जादा दोन नगांचे पैसेही अडकत नाहीत.