मॉड्युलसची समीकरणं: वर्तुळ कधी, रेषा कधी, आणि मी कुठे आपटलो

बारावीत कॉम्प्लेक्स नंबर्स सुरू झाले तेव्हा मी प्रत्येक लोकस z = x + iy टाकूनच सोडवायचो. उत्तर यायचं, पण कागदावर काय चाललंय ते कळायचं नाही. नंतर क्लासमधल्या एका दादाने एकच गोष्ट सांगितली, |z - a| दिसलं की "z पासून a पर्यंतचं अंतर" असं वाचायचं, मोठ्याने वाचलंस तरी चालेल. मग |z - 2i| = 3 म्हणजे 2i पासून कायम 3 अंतरावर राहणारे बिंदू, झालं वर्तुळ, आकडेमोड शून्य.

यात चिन्हाची गडबड सगळेच करतात. |z + 3| म्हणजे -3 पासूनचं अंतर, 3 पासूनचं नाही. आणि z च्या मागे काही चिकटलेलं असेल तर आधी ते बाहेर काढा. |2z - 3i| = 4 मध्ये 2 बाहेर काढला की |z - 3i/2| = 2 उरतं, म्हणजे रेडियस 2, चार नव्हे. |iz - 3| मध्ये i बाहेर काढला की |z + 3i| मिळतं, कारण i चा मॉड 1 आहे, म्हणजे सेंटर -3i वर.

रेषा तर अजून सोपी. |z - 2| = |z - 4i| वाचा: 2 पासून आणि 4i पासून सारखंच अंतर. शाळेत भूमितीत शिकलेला लंबदुभाजकच की हा! मध्यबिंदू 1 + 2i, जोडणाऱ्या रेषेचा स्लोप -2, म्हणून आपल्या रेषेचा 1/2, समीकरण x - 2y + 3 = 0. वर्ग करून बघा, तेच येतं.

आता मी आपटलो ती जागा. टेस्टला आलं होतं |z - 3| = 2|z + 3|. मी विचार केला, दोन्ही बाजूला मॉड आहे म्हणजे रेषा, आणि धडाधड लंबदुभाजक लिहून मोकळा झालो. पूर्ण मार्क गेले 😅 लंबदुभाजक फक्त दोन्ही अंतरं सारखी असतील तेव्हाच, इथे एक अंतर दुसऱ्याच्या दुप्पट आहे. हे अपोलोनियसचं वर्तुळ, तो पर्गाचा ग्रीक भूमितीवाला, त्याच्या नावाने.

सोडवायची माझी पद्धत अशी. दोन्ही बिंदू रिअल अ‍ॅक्सिसवर आहेत, तर आधी त्याच अ‍ॅक्सिसवर असे बिंदू शोधा ज्यांचं 3 पासूनचं अंतर -3 पासूनच्या अंतराच्या दुप्पट आहे. एक दोघांच्या मध्ये सापडतो, -1 (अंतरं 4 आणि 2). दुसरा बाहेर, -9 (अंतरं 12 आणि 6). हे दोन बिंदू म्हणजे व्यासाची टोकं, म्हणून सेंटर -5, रेडियस 4. बास.

खात्री हवी असेल तर वर्ग करा, पण 2 चासुद्धा वर्ग होतो हे विसरू नका, अर्धी पोरं तिथेच जातात:

(x - 3)² + y² = 4[(x + 3)² + y²]
x² + y² + 10x + 9 = 0
(x + 5)² + y² = 16

बघा, सेंटर -3 वर नाही आलं, दोन्ही बिंदूंच्या मधेही नाही, जवळच्या बिंदूच्या पलीकडे गेलं. तुमचं सेंटर दिलेल्या दोन बिंदूंच्या मध्ये आलं तर समजा कुठेतरी चूक झालीय.

मग 2 च्या जागी 1 टाकला की वर्तुळाची एकदम रेषा कशी होते, हे मला बरेच दिवस जादूसारखं वाटायचं. म्हणून 1.1 टाकून बघितलं. मधला बिंदू -1/7 वर येतो, म्हणजे शून्याच्या अगदी जवळ, आणि बाहेरचा थेट -63 वर (अंतरं 66 आणि 60)! रेडियस 31 च्या वर. 1 च्या जितकं जवळ जाल तितका बाहेरचा बिंदू लांब पळतो, वर्तुळ फुगत जातं, आणि बरोबर 1 ला बाहेरचा बिंदू उरतच नाही, राहते ती y-अ‍ॅक्सिस, म्हणजे आपला लंबदुभाजक. 1 च्या खाली गेलात तर वर्तुळ दुसऱ्या बाजूला, 3 च्या भोवती दिसायला लागतं.

याच प्रश्नाला शेपूट म्हणून कधीकधी |z| ची कमीत कमी आणि जास्तीत जास्त किंमत विचारतात. तिथे परत x, y काढून बसू नका. |z| म्हणजे शून्यापासूनचं अंतर, सेंटर शून्यापासून 5 वर, रेडियस 4, तर कमीत कमी 1 आणि जास्तीत जास्त 9, म्हणजे आपण सुरुवातीला शोधलेले तेच दोन बिंदू, -1 आणि -9. पण ते इथे जुळलं कारण सेंटर आणि शून्य दोन्ही रिअल अ‍ॅक्सिसवर आहेत. सेंटर तिरकं कुठे असेल तर शून्य आणि सेंटर दोन्हीतून जाणारी पूर्ण रेघ ओढायची आणि ती वर्तुळाला कुठे कापते ते बघायचं.